पोथी पाण्यात सोडण्याआधी

घर आवरायला काढलं की भांड्यांचं, कपड्यांचं, जुन्या पलंगाचं काय करायचं ते चटकन ठरतं. अडतं ते माळ्यावरच्या लाल कापडातल्या गाठोड्यापाशी. पणजोबांची पोथी. रद्दीत द्यायला हात होत नाही, वाचणारं घरात कोणी उरलेलं नाही, आणि नव्या फ्लॅटमधलं देवघर भिंतीत टांगलेल्या कपाटाएवढं. मग कोणीतरी वडीलधारं तोडगा काढतं: वाहत्या पाण्यात सोडा. पोथीचा मान राखला गेला आणि प्रश्नही सुटला, असं सगळ्यांना वाटतं.

आपल्या वस्तीत नवं वाचनालय उभं राहतंय आणि त्यासाठी घराघरांतून जुने ग्रंथ आणि पुस्तकं गोळा करायचं काम आम्ही काही जणांनी अंगावर घेतलंय. म्हणून ही विनंती: गाठोडं पाण्यात सोडण्याआधी एकदा आमच्याकडे आणा. द्यायचं की नाही ते नंतर ठरवा. आधी ते काय आहे ते तरी पाहू.

पाहण्यात काय एवढं असतं, ते एका गाठोड्यावरून सांगते. वाचनालयाची नुसती बोलणी सुरू होती तेव्हाच एका घरातून ते आलं. घरच्या आजींनी ते स्वतः उचलून आणलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "सातशे वर्षांपूर्वीची आहे. ज्ञानेश्वरांच्या वेळची. शेवटी साल लिहिलंय, बघा." त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना ते साल दाखवलं होतं.

साल खरंच लिहिलेलं होतं. पण तिथवर पोचायला वेळ लागला, कारण पोथी उघडायचीही एक रीत आहे.

कापड सोडलं तेव्हा आत दोन लाकडी फळ्या आणि त्यांच्यामध्ये सुटी पानं. हस्तलिखित पोथी शिवलेली नसते. आडवी, लांबट पानं एकावर एक ठेवलेली असतात आणि त्या पानाला म्हणतात पत्र. एका पत्राच्या दोन बाजू, पण आकडा एकच, आणि तोही मागच्या बाजूला. हे माहीत नसलं की माणूस पुढची बाजू पाहतो, आकडा नाही म्हणतो आणि आपल्या अंदाजाने पानं लावायला बसतो. मागच्या बाजूला डाव्या समासात वरच्या अंगाला बहुधा ग्रंथाचं संक्षिप्त नाव असतं, उजव्या समासात खाली आकडा, कधी त्याच्यावर 'राम' लिहिलेलं. आजींच्या पोथीत डावीकडे 'ज्ञा. अ. ६' असं होतं. म्हणजे ज्ञानेश्वरी, अध्याय सहावा. प्रत्येक अध्यायाची पत्रं नव्याने एकपासून मोजलेली, त्यामुळे नुसता '१४' पाहून काही कळत नाही. चौदावं पत्र कितव्या अध्यायाचं, हे समास सांगतो.

याच समासामुळे दुसरी एक गोष्ट उघड झाली. मधलीच काही पत्रं 'ए. भा.' अशी निघाली. एकनाथी भागवत. कागद वेगळा, अक्षर वेगळं. कधीकाळी दोन पोथ्या एकत्र पडल्या असणार आणि कोणीतरी नीटनेटकेपणाने, आकडे जुळवून, त्यांची एक पोथी करून टाकली. म्हणून आमचं पहिलं मागणं हेच आहे की पानं लावू नका. विस्कटलेली असतील तर विस्कटलेली आणा. कोणतं पान कोणत्या पानाला लागून होतं यावरूनही कधी कधी हरवलेल्या क्रमाचा पत्ता लागतो, आणि घरी लावलेल्या क्रमात तो पुसला जातो.

आजी शेजारी बसून पाहत होत्या. त्यांची नात मदतीला पुढे झाली आणि तिने सवयीने बोट जिभेला लावलं. तिला थांबवलं. ओल्या बोटाने शाई फुटते हे एक कारण झालं, पण दुसरं अधिक गंभीर आहे. जुन्या लेखकाचं, म्हणजे पोथी हाताने उतरवून काढणाऱ्याचं, काही चुकलं तर तो अक्षर खोडत नसे, त्यावर पिवळ्या रंगाचा हात फिरवत असे. तो पिवळा रंग म्हणजे हरताळ, आणि हरताळात आर्सेनिक असतं. 'श्रीभगवानुवाच' किंवा अध्यायाची समाप्ती ज्या लाल रंगात लिहीत, तो पुष्कळदा हिंगूळ असतो, म्हणजे पारा. पोथी हाताळून झाली की साबणाने हात धुवायचे, एवढं पुरतं. पण पान उलटायला थुंकी लावायची नाही. पानाला दोन्ही हातांनी, दोन्ही टोकांना धरून उचलायचं आणि डावीकडे पालथं ठेवायचं.

पहिल्या काही पत्रांवर हळदीकुंकवाचे डाग होते आणि कडेला तेलाचे. तेल लागलेला कागद पारदर्शक होतो, मागचं अक्षर पुढे दिसायला लागतं आणि त्यावर धूळ चिकटून बसते. पोथी देवघरात समईशेजारी राहिली की हे व्हायचंच. गंमत म्हणजे पोथी लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. कितीतरी पोथ्यांच्या शेवटी लेखक एक श्लोक लिहून ठेवतो:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पुस्तक म्हणतं. आता पाण्यापासून जपा असं जी स्वतःच सांगते, तिला आपण नदीत सोडतो! सैल बांधणीचं मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. फळ्यांमध्ये घट्ट बांधलेली पोथी हवेतला दमटपणा कमी शोषते, पानं सरकून त्यांच्या कडा घासत नाहीत आणि कसरीला आत शिरायला फट मिळत नाही. कापड ढिलं झालं की तिन्ही गोष्टी सुरू होतात. आजींच्या पोथीची गाठ पक्की होती, म्हणूनच ती एवढी धड राहिली.

आता ते साल. शेवटच्या पत्रावर आजींनी बोट ठेवलं तिथे लिहिलं होतं, 'शके बाराशतें बारोत्तरें'. शके १२१२. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १२९०. आजींचा हिशेब बरोबर होता. पण ती ओवी पोथीची नाही, ग्रंथाची आहे. ज्ञानेश्वरांनी टीका केली, म्हणजे गीतेचा अर्थ उलगडून सांगितला, आणि सच्चिदानंदबाबा लेखक झाले, असं सांगणारी ती ओवी ज्ञानेश्वरीच्या बहुतेक प्रतींच्या शेवटी असते, छापील प्रतीतसुद्धा. म्हणजे ते साल ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हाचं. आजींच्या हातातली प्रत कोणी कधी लिहिली, हे त्यावरून कळत नाही. हा घोटाळा घरोघरी आहे. ज्ञानेश्वरीचं गाठोडं ज्याच्या घरी, त्याच्याकडे सातशे वर्षांची पोथी.

त्याच पत्रावर खाली दुसरं साल होतं, शके १५०६, तारण नाम संवत्सर. हेही पोथीचं नाही. ते एकनाथांचं. ज्ञानेश्वरीत लोकांनी घुसडलेल्या ओव्या आणि बिघडलेले पाठ पाहून नाथांनी इसवी सन १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत केली आणि तसं ओवीतच नोंदवून ठेवलं. आज आपण वाचतो ती ज्ञानेश्वरी बरीचशी या शुद्ध प्रतीच्या परंपरेतली.

मग पोथीचं स्वतःचं साल कुठे? सगळ्यात शेवटी, ग्रंथ संपल्यावर, बऱ्याचदा घाईच्या अक्षरात. त्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. लेखकाचं नाव, गाव, तिथी, कोणासाठी लिहिली, हे सगळं तिथे असतं, आणि 'जसं पाहिलं तसं लिहिलं, चुकलं असेल तर मला दोष देऊ नका' अशा अर्थाचा एक श्लोक. आजींच्या पोथीच्या पुष्पिकेत होतं: शके सतराशे काहीतरी, शुक्ल नाम संवत्सरे, माघ वद्य. शेवटचा आकडा मात्र घोटाळ्याचा. ३१ की ३९? जुन्या अक्षरात १ आणि ९ यांची शेपटी सारखीच वळते, त्यातून त्या जागी कागदाची घडी आलेली.

इथे संवत्सराचं नाव कामाला येतं. संवत्सरं साठ. प्रभव पहिलं, विभव दुसरं, शुक्ल तिसरं, आणि असं करत साठावं क्षय. पंचांगात यादी असतेच. आपल्याकडच्या पद्धतीत शकाचा आकडा घ्यायचा, त्यात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचं. जी बाकी उरेल तेवढ्या क्रमांकाचं संवत्सर, आणि बाकी शून्य आली तर साठावं. आधी नाथांच्या सालावर करून पाहिलं. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८, बाकी १८, आणि अठरावं संवत्सर तारण. जुळलं. मग आजींची पोथी. १७३९ धरलं तर १७५१, बाकी ११, म्हणजे ईश्वर संवत्सर. जुळत नाही. १७३१ धरलं तर १७४३, बाकी ३. शुक्ल. तेव्हा पोथी शके १७३१ ची. आणि महिना माघ आहे, म्हणजे इंग्रजी वर्ष उलटून गेलेलं, म्हणून ७८ ऐवजी ७९ मिळवायचे. इसवी सन १८१०, साधारण फेब्रुवारी. पेशवाई अजून बुडायची होती.

आजींचा चेहरा जरा उतरला. सातशेची दोनशे झाली ना. पण नात कागदावर तो भागाकार पुन्हा पुन्हा करून पाहत होती, आणि ज्या लेखकाचं नाव घरात कोणाला ठाऊक नव्हतं ते तिने वहीत उतरून घेतलं.

एवढ्यावरही आम्ही पोथीवर '१८१०' अशी चिठ्ठी लगेच लावली नाही. लेखक कधी कधी समोरच्या जुन्या पोथीची पुष्पिकासुद्धा तशीच्या तशी उतरवून काढतो, साल-तिथीसकट. म्हणून कागदाला विचारायचं. पान उजेडासमोर धरलं की हातकागदात ज्या चाळणीवर लगदा पसरला तिच्या बारीक रेघा दिसतात. जुन्नर आणि दौलताबाद इथला असा कागद एकेकाळी नावाजलेला होता. गिरणीच्या विलायती कागदात पाणचिन्ह असू शकतं, कधी त्यात सालही असतं. पुष्पिकेतल्या सालापेक्षा पाणचिन्हातलं साल पुढचं निघालं, तर ती पुष्पिका नकललेली, हे सरळ आहे. आजींच्या पोथीत रेघा होत्या, पाणचिन्ह नव्हतं. साल मान्य करायला हरकत नव्हती. भागवताची जी पत्रं मध्ये शिरली होती त्यांना पुष्पिका नाही, म्हणून त्यांचं साल आम्ही लिहिलेलं नाही, आणि अंदाजाने लिहिणारही नाही.

हे सगळं एवढं सविस्तर सांगितलं, कारण गाठोडं आणणाऱ्यांपैकी बरेच जण विचारतात, "ज्ञानेश्वरी तर बाजारात मिळते, आमच्या फाटक्या पोथीचं काय करणार?" ग्रंथ बाजारात मिळतो, प्रत मिळत नाही. हाताने लिहिलेली प्रत्येक प्रत थोडी वेगळी असते. एखाद्या ओवीत वेगळा शब्द, एखादी ओवी जास्त, एखादी गायब, समासात कोणी लिहिलेला अर्थ. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक वेगळी प्रत छापली, नाथांच्या आधीची म्हणून. तिच्या पाठांवरून अभ्यासकांत चर्चा झाली ती अशाच एका प्रतीच्या जोरावर. प्रत्येक घरात असं काही निघेल असं मी म्हणत नाही. बहुतेक घरांत निघणार नाही. पण न उघडता ते ठरवता येत नाही.

हाताने लिहिलेली आणि शिळाछापाची पोथी यांत मात्र लोक फार फसतात. शिळाछापात लेखकाने हाताने लिहिलेली अक्षरंच दगडावर उतरवून छापत, त्यामुळे ती हस्तलिखितासारखीच दिसते. आडवी, सुटी पानं, समासाच्या रेघा, सगळं तसंच. बोरूने लिहिलेल्या अक्षरात शाई कुठे दाट, कुठे विरळ होते, बोरू पुन्हा बुडवला ती जागा डोळ्यांना कळते. शिळाछापात काळेपणा सगळीकडे सारखा असतो आणि लाल रंग क्वचितच. शेवटच्या पानावर बहुधा छापखान्याचं नाव असतं. शिळाछाप निघाला म्हणून हिरमुसू नका, एकोणिसाव्या शतकातले हे छापही आम्हाला हवे आहेत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना खोटी वाटते. दोनशे वर्षांची पोथी धड असते आणि आजोबांनी विकत घेतलेलं पुस्तक हातात तुकडे होऊन येतं. कारण कागद. हातकागद चिंध्यांचा, तागाचा. लाकडाच्या लगद्याचा गिरणीचा स्वस्त कागद आपल्यातल्याच आम्लाने पिवळा, मग तपकिरी पडतो आणि शेवटी कडेपासून पापडासारखा तुटतो. म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक पोथ्यांपेक्षा घाईचे आहेत. तुमच्या कपाटातल्या पुस्तकाचं पान उलटताना टेबलावर तपकिरी चुरा पडत असेल तर ते पुस्तक पुढच्या पिढीपर्यंत पोचणार नाही. ते आणताना उघडूच नका. कागदात गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून, सुतळीने सैलसर बांधून आणा.

काय हवं आणि काय नको, हे स्पष्टच सांगते. नको म्हणायला संकोच केला की चार महिन्यांत वाचनालयाची रद्दीची वखार होते. हस्तलिखित आणि शिळाछाप काहीही असो, आणा. अर्धवट असली, एकच पत्र असलं, तरी आणा. १९५० च्या आधी छापलेलं मराठी पुस्तक कोणत्याही विषयाचं चालेल: व्याकरण, वैद्यक, पाकशास्त्र, नाटकाचं पुस्तक, शाळेचं क्रमिक पुस्तकसुद्धा. बांधीव मासिकं आणि जुने दिवाळी अंक हवेत. ग्रंथ म्हणजे फक्त पोथ्या असं नाही. जैन घरांतल्या पोथ्या, जुनं मराठी बायबल आणि ख्रिस्ती स्तोत्रांची पुस्तकं, उर्दू-अरबी धर्मग्रंथ, बौद्ध वंदनेच्या पुस्तिका, आंबेडकरी चळवळीतली पत्रकं आणि जलशांच्या वह्या, सगळ्यांना सारखीच जागा आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ कशाची असेल तर हाताने लिहिलेल्या घरगुती वह्यांची. जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, आरत्या, डोहाळे, घरची औषधं, लग्नातल्या देण्याघेण्याचे हिशेब. या वह्या बहुधा बायकांच्या असतात आणि त्यांना घरात कोणी पुस्तक म्हणत नाही, म्हणून त्या रद्दीत आधी जातात. पोथीला निदान नदी तरी मिळते.

नको असलेल्यांत चालू अभ्यासक्रमाची गाइडं, जुने कॅलेंडर आणि टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या. गुरुचरित्र, हरिपाठ, मनाचे श्लोक यांच्या अलीकडच्या छापील प्रती आमच्याकडे आधीच पुरेशा आल्या आहेत. त्या चांगल्या स्थितीत असतील तर घरीच ठेवा किंवा वाचणाऱ्याला द्या.

आणण्याआधी दोन-तीन गोष्टी करू नका, एवढीच विनंती. चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि मग अक्षरासकट निघतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही. उन्हात वाळवू नका, शाई उडते आणि कागद कडक होतो. भिजलेलं पुस्तक सावलीत, पंख्याखाली, मध्ये मध्ये कोरा टीपकागद घालून ठेवा. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. आणि झुरळांचा फवारा पुस्तकांवर मारू नका.

कीड जिवंत आहे का हे पाहायची साधी युक्ती आहे. पुस्तक पांढऱ्या कागदावर ठेवून हलकेच टिचकी मारा. दुसऱ्या दिवशी कागदावर नवी भुकटी दिसली तर आत कोणीतरी जेवतंय. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी, आणि मग पुस्तकाआधी तुमची भिंत तपासा. असं पुस्तक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून वेगळं आणा आणि दारातच सांगा. छापील पुस्तकांसाठी आम्ही एका खोल शीतपेटीची व्यवस्था केली आहे. बंद पिशवीतून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवलं की कीड आणि तिची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर हवेतलं पाणी जमतं. हस्तलिखितांना, विशेषतः चित्रं असलेल्यांना, हा उपाय आम्ही करत नाही. ती वेगळी ठेवून जाणकाराला दाखवतो. बुरशी असेल तर घरी पुसू नका, तीही तशीच बंद करून आणा.

आणि ज्या पुस्तकांचा चुरा पडत नाही त्यांची पानं उलटून पाहा, म्हणजे त्यांत काय दडलंय ते. पुस्तकांतून पत्रं, जन्मपत्रिका, फोटो, शेअरची सर्टिफिकिटं निघतात. मोडीतले कागद निघाले तर ते आम्हाला वाचून घेऊ द्या, पण ते जमिनीचे किंवा वाटणीचे असू शकतात. मूळ कागद घरच्या लोकांनीच ठेवावेत आणि आम्हाला फोटो काढू द्यावेत, असं माझं मत आहे.

संकलन दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी सुरू होईल आणि होळीपर्यंत चालेल. पावसाळ्यात आम्ही काहीच घेत नाही, कारण दमट हवेत आलेलं एक गाठोडं बाकीच्या पन्नास पुस्तकांना बुरशी लावू शकतं. दर शनिवारी आणि रविवारी सकाळी १० ते १ या वेळात वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत या. एका पिशवीत एका माणसाला सहज उचलता येईल एवढंच वजन ठेवा, पुस्तकं आडवी ठेवा, उभी कोंबू नका. पोथीची फळी, कापड, दोरी सगळं तसंच आणा. कापड फाटकं आहे म्हणून नवं शिवू नका. त्या कापडावरही कधी कधी नाव-गाव लिहिलेलं असतं.

प्रत्येक गाठोड्याबरोबर एक चिठ्ठी हवी. घरात ते कोणी आणलं, कोणत्या गावाहून आलं, कोण वाचत असे, कधीपासून बंद आहे. "आईच्या माहेरून आली, आजोबा चातुर्मासात वाचत" एवढंही पुरे. पोथीचा तो धागा एकदा तुटला की नंतर कुठल्याही पुष्पिकेतून तो सापडत नाही. नाव उघड करायचं नसेल तर तसं लिहा, नोंद फक्त रजिस्टरात राहील.

जे उचलून आणू शकत नाहीत, किंवा ज्यांची पोथी फारच जीर्ण आहे, त्यांच्या घरी आम्ही येऊ. वाचनालयाच्या दारातल्या वहीत नाव आणि सोयीची वेळ लिहून ठेवा. दोघं जण येतील आणि गाठोडं सोडतील तेव्हा घरातलं कोणीतरी शेजारी असायला हवं, हा आमचा नियम आहे.

दिल्यावर पावती मिळेल आणि तिच्यावर तुम्हाला तीनपैकी एक गोष्ट निवडायची आहे. कायमचं दान, किंवा पाच वर्षांसाठी ठेव, जी मागितली की परत मिळेल, किंवा फक्त छायाचित्रं, म्हणजे पोथी त्याच दिवशी तुमच्या घरी परत. तिसरा पर्याय निवडणाऱ्यांना कमी दाते समजलं जाणार नाही. आजींनी तोच निवडला. छापील पुस्तकांची छायाचित्रं मात्र लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं उलटल्याशिवाय आम्ही सर्वांसाठी खुली करणार नाही, कायदा तसा आहे. आणि ७५ वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. परदेशातल्या मुलाकडे ते भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

पावित्र्याचं विचाराल तर, पोथी जमिनीवर ठेवली जाणार नाही, पण तिला गंधफूलही वाहिलं जाणार नाही. कपाट बंद राहील, खोलीत दिवा-उदबत्ती नाही, चहा नाही. ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी हात धुऊन, पुसून लावावा. मग तो कोणीही असो. सोवळ्याची अट घालून पोथी देऊ पाहणाऱ्यांना आम्ही आधीच नम्रपणे सांगतो की ती अट आम्हाला पाळता येणार नाही, तुम्ही छायाचित्रांचा पर्याय घ्या.

आम्ही उघडून पाहिल्यावर त्यात जपण्यासारखं काही नाही असं निघालं, तर तसंही सांगू. चुरा झालेली छापील पोथी, जिची दुसरी प्रत कपाटात आहे, ती आम्ही परत देऊ. मग तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.